नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी (मानसोपचारातील)

नवा, थोडक्यात आटोपणारा उपचार प्रचलित उपचारापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे कमी पडत नाही, हे दाखवण्यासाठी केलेली यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे नशिबावर सोडणारी. पाच बैठकांत काम होत असेल तर रुग्णाचा वेळ आणि खर्च वाचतो. त्या बदल्यात परिणाम थोडा कमी असला तरी चालेल, पण किती कमी, हे आधीच सांगून ठेवावे लागते. ही मर्यादा म्हणजे मार्जिन.

२०१८ साली ‘जामा सायकायट्री’त आलेली चाचणी याचे बोलके उदाहरण आहे. डेनिस स्लोन व सहकाऱ्यांनी आघातोत्तर ताण विकाराच्या (पीटीएसडी) १२६ रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला आघाताबद्दल लिहून काढण्याच्या उपचाराच्या ५ बैठका दिल्या, दुसऱ्याला कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी या प्रचलित उपचाराच्या १२. लक्षणे ० ते ८० गुणांच्या कॅप्स-५ मापनावर मोजली आणि मार्जिन १० गुण ठेवले.

सर्वांत मोठा फरक २४व्या आठवड्यात दिसला: लिहिण्याचा उपचार ४.३१ गुणांनी मागे, ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज आहे तो, −१.३७ ते ९.९९. इथे निकाल सरासरीवरून लागत नाही, अंतरालाच्या वाईट टोकावरून लागतो. ९.९९ हे १०च्या आत, म्हणून कसोटी पार, पण अगदी काठावर. मार्जिन ९ असते तर हाच निकाल ‘अनिर्णित’ ठरला असता. अंतराल मार्जिनच्या दोन्ही बाजूंना पसरला, तर नवा उपचार कमी पडतो असेही सिद्ध होत नाही. आकडे अपुरे आहेत एवढेच कळते. उलट अख्खा अंतराल ० आणि १०च्या मध्ये बसला, तर उपचार खात्रीने थोडा कमी, तरीही चालण्याजोगा ठरतो. ‘फरक लक्षणीय नाही, म्हणजे दोन्ही सारखे’ हा निष्कर्ष मात्र चूक; रुग्ण थोडे असले की अंतराल रुंद होतो आणि मोठा फरकही त्यात दडून राहतो.

म्हणून सगळे वजन मार्जिनवर येते. रुग्णाला जाणवेल असा किमान फरक हा एक आधार. दुसरा आधार, प्रचलित उपचार काहीच न करण्यापेक्षा किती सरस आहे. समजा ते सरसपण १५ गुणांचे आहे. मग १० गुणांचे मार्जिन म्हणजे त्यातला दोन तृतीयांश फायदा सोडायची तयारी. निम्मा तरी राखायचा म्हटले तर ७.५च्या पुढे जाता येत नाही. आकडे हाती आल्यावर मार्जिन ठरवणे म्हणजे बाण लागला तिथे वर्तुळ काढणे.

गळती हा वेगळाच पेच. या चाचणीत लिहिण्याच्या गटातून ४ जणांनी उपचार सोडला, तर दुसऱ्या गटातून २५ जणांनी. सर्वांना धरून केलेल्या विश्लेषणात अर्धवट उपचार घेतलेले लोक प्रचलित उपचाराचा सरासरी परिणाम खाली ओढू शकतात, आणि नवा उपचार आपोआप बरोबरीला आल्यासारखा दिसतो. फक्त उपचार पूर्ण करणारे मोजावेत, तर यादृच्छिक वाटपाने आलेला समतोल बिघडतो. त्यामुळे दोन्ही विश्लेषणे मांडतात आणि दोन्हींत वाईट टोक मार्जिनच्या आत आहे का ते पाहतात. पण अर्ध्यावर सोडण्याचे कारण उपचारच जड वाटणे हे असेल, तर ती गळती नुसता गोंधळ नसून त्या उपचाराच्या निकालाचाच भाग असते.