चढणीवर फेकलेली वस्तू आणि दुभाजकाचा नियम

सपाट जमिनीवर सर्वाधिक पल्ला 45° कोनात मिळतो, हे निकोलो तार्तालिया या इटालियन गणितज्ञाने 1537 मध्येच लिहून ठेवले होते. मात्र गोळ्याचा मार्ग कसा असतो याविषयीची त्याची कल्पना चुकीची असल्यामुळे त्या विधानाला खरी सिद्धता नव्हती. ती मिळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. क्षितिजसमांतर गती एकसारखी राहते आणि उभी गती मुक्त पतनाच्या नियमाने बदलते, हे गृहीत धरून गॅलिलिओने 1638 मध्ये तो मार्ग अन्वस्त असल्याचे दाखवले आणि 45° चा नियम त्यातून सिद्ध केला. परंतु त्याचे पल्ल्यांचे तक्ते सपाट जमिनीसाठी होते. उखळी तोफेचे लक्ष्य तर बहुधा टेकडीवर किंवा तटावर असे, आणि तेथे 45° हा आकडा उपयोगी पडत नव्हता.

यातून वाट काढली ती गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने. त्याच्या 1644 च्या ग्रंथातील कल्पना आजही थक्क करणारी वाटते. एकाच बिंदूपासून एकाच वेगाने, पण निरनिराळ्या कोनांत वस्तू फेकल्या, तर त्यांच्या सर्व अन्वस्त मार्गांना बाहेरून स्पर्श करणारा वक्रही अन्वस्तच असतो आणि त्याची नाभी नेमकी प्रक्षेपणबिंदूवर येते. त्या वक्रापलीकडे काहीही पोहोचू शकत नाही. म्हणून α कोनाची चढण या वक्राला जेथे छेदते, तेथपर्यंतचे अंतर हाच चढणीवरील कमाल पल्ला ठरतो, आणि तो एका ओळीत लिहिता येतो:

R = u² / [g(1 + sin α)]

येथे u हा सुरुवातीचा वेग आहे. α शून्य घेतला की सपाट जमिनीचा परिचित पल्ला u²/g परत मिळतो.

कमाल पल्ला कळला, तरी तोफ कोणत्या कोनात रोखायची हे सांगणारा सोपा नियम हवाच होता. एडमंड हॅले याने 1686 च्या आणि त्यानंतर 1695 च्या निबंधात तो मांडला: चढण आणि उभी रेषा यांमधील कोन दुभागावा व त्या दुभाजकाच्या दिशेने मारा करावा. आजच्या भाषेत हा कोन क्षितिजापासून 45° + α/2 होतो. त्याच्या सिद्धतेला कलनशास्त्राचीही गरज नाही. θ कोनात फेकलेल्या वस्तूचा चढणीवरील पल्ला

R = 2u² cos θ sin(θ − α) / (g cos² α)

इतका असतो, त्यातील 2 cos θ sin(θ − α) म्हणजे sin(2θ − α) − sin α, आणि 2θ − α हा काटकोन झाला की ही राशी सर्वांत मोठी होते.

चढण तीव्र असेल तर हा नियम किती काटेकोरपणे पाळावा लागतो, हे एका उदाहरणावरून लक्षात येते. α = 60°, u = 20 मीटर प्रति सेकंद आणि g = 10 मीटर प्रति सेकंद² घेऊ. सर्वोत्तम कोन 75° येतो आणि चढणीवरील पल्ला सुमारे 21.4 मीटर, म्हणजे सपाट जमिनीवरील 40 मीटरांच्या निम्म्याहून थोडासाच अधिक. वस्तू साधारण 1.9 सेकंदांनी शिखरबिंदू गाठते आणि 2.1 सेकंदांना चढणीवर आदळते, म्हणजे ती खाली येऊ लागते न लागते तोच जमीन तिला अडवते. त्या क्षणी तिची दिशा क्षितिजाच्या 15° खाली असते आणि म्हणून ती सुरुवातीच्या दिशेला बरोबर काटकोनात असते. हा योगायोग नाही. कमाल पल्ल्याच्या प्रत्येक फेकीत, चढण कोणतीही असो, हेच घडते, आणि उत्तर तपासण्याची ही माझ्या मते सर्वांत सुंदर रीत आहे.

आता कोन 5° ने चुकवून पाहू. 70° आणि 80° या दोन्ही कोनांत पल्ला सुमारे 19 मीटर येतो, म्हणजे जवळजवळ 11 टक्के घट होते. सपाट जमिनीवर तेवढ्याच चुकीने पल्ला जेमतेम दीड टक्का कमी होतो. कारण उघड आहे: 60° च्या चढणीवर उपयुक्त कोन फक्त 60° आणि 90° यांच्या दरम्यान सापडतात आणि त्या दोन्ही टोकांना पल्ला शून्य असतो.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक मात्र वेगळीच असते. सपाट जमिनीची सवय असल्यामुळे ते 45° हा कोन चढणीपासून मोजतात. येथे तसे केले तर क्षितिजापासूनचा कोन 105° होतो, वस्तू चढणीकडे न जाता मागे फेकली जाते आणि सूत्रात cos θ ऋण येतो. पल्ला ऋण आला, तर आकडेमोड पुन्हा करण्याआधी कोन कोणत्या रेषेपासून मोजला हे पाहावे. चढणीपासून मोजलेला योग्य कोन 45° − α/2, म्हणजे येथे अवघा 15° असतो.

या सर्व मांडणीत हवेचा रोध धरलेला नाही. तोफगोळ्यांवर तो किती प्रचंड असतो, हे बेंजामिन रॉबिन्स याने 1742 मध्ये प्रयोगांनिशी दाखवले आणि वेगवान गोळ्यांपुरती अन्वस्ताची सद्दी संपली. हाताने फेकलेल्या जड दगडासारख्या संथ वस्तूच्या बाबतीत मात्र दुभाजकाचा नियम आजही चांगले काम देतो.