तीन प्रभार, एक रेषा आणि शून्य ज्यूल

एका सरळ रेषेवर 10-10 सेंटिमीटर अंतराने तीन जागा आखल्या आहेत. दोन्ही टोकांना +4 मायक्रोकूलोमचा एकेक आणि मधे −1 मायक्रोकूलोमचा, असे तीन बिंदुप्रभार तिथे आणून ठेवायचे आहेत. सुरुवातीला तिघेही एकमेकांपासून अतिशय दूर आहेत. ही मांडणी करायला किती कार्य लागेल?

दोन प्रभारांच्या जोडीची स्थितिज ऊर्जा U = kq₁q₂/r एवढी असते आणि k म्हणजे जवळपास 9 × 10⁹. एकेक मायक्रोकूलोमचे दोन प्रभार 10 सेंटिमीटरवर असतील तर ही ऊर्जा 0.09 ज्यूल भरते. एवढा आकडा हाताशी ठेवला की पुढचा हिशेब तोंडी होतो. अंतर दुप्पट झाले की ऊर्जा निम्मी होते. इथेच पहिली गफलत होते: बलाच्या सूत्राच्या सवयीने अंतराचा वर्ग केला जातो आणि मग उत्तर निम्म्याऐवजी पाव येते.

आता डावीकडचा +4 आणा. आसपास कोणीच नाही, म्हणून कार्य शून्य. मग मधला −1 आणा. तो आपणहून ओढला जातो, आपल्याला उलट त्याला धरून सावकाश सोडावे लागते. म्हणून आपले कार्य ऋण, −0.36 ज्यूल. शेवटच्या +4 ला मधला −1 ओढतो (−0.36), तर पलीकडच्या टोकाचा +4 दूर लोटतो (20 सेंटिमीटरवरून +0.72). त्याच्यासाठी एकूण +0.36 ज्यूल. तिन्ही टप्प्यांची बेरीज शून्य!

क्रम बदलून पाहा. आधी दोन्ही टोके मांडली तर 0.72 ज्यूल खर्च होतात आणि मधला प्रभार आणताना तेवढेच परत मिळतात. टप्प्यांचे आकडे बदलले, बेरीज तीच राहिली. कारण शेवटी प्रत्येक जोडी एकदाच मोजली जाते. तीन प्रभारांच्या जोड्या तीन, चारांच्या सहा. प्रत्येक प्रभाराभोवतीच्या सगळ्या जोड्या मोजत गेलो तर प्रत्येक जोडी दोनदा येते आणि उत्तर दुप्पट फुगते. तशी बेरीज केलीच, तर शेवटी निम्मी करावी लागते.

हे शून्य योगायोगाने आलेले नाही. या मांडणीत तिन्ही प्रभारांवरचे बल शून्य आहे. उजवा +4 दुसऱ्या टोकाकडून जितका लोटला जातो, तितकाच मधल्याकडे ओढला जातो, आणि मधल्याला दोन्ही बाजूंची ओढ सारखी. बलच नसेल तर सगळी रांग प्रमाणात किंचित ताणायला कार्य लागणार नाही. पण अंतरे वाढली की एकूण ऊर्जा त्याच प्रमाणात घटायला हवी. ताणूनही न बदलणारी ऊर्जा फक्त शून्यच असू शकते.

म्हणून ही रांग टिकेल असे मात्र समजू नका. मधला प्रभार रेषेवरच 1 सेंटिमीटर सरकवला की ऊर्जा सुमारे 0.007 ज्यूलने कमी होते, म्हणजे तो परत न येता जवळच्या टोकाकडे खेचला जातो. आडवा सरकवला तर मात्र ऊर्जा वाढते आणि तो माघारी येतो. एका दिशेने तरी निसटायला वाट राहतेच. हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी 1842 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिद्धांतात मांडले.

आता मधला −1 आणि डावा +4 यांची अदलाबदल करू. सगळे पुन्हा मोजायची गरज नाही. त्या दोघांमधले अंतर पूर्वीइतकेच राहते, त्यामुळे त्यांच्या जोडीची ऊर्जा बदलत नाही. बदलतात त्या फक्त उजव्या +4 बरोबरच्या दोन जोड्या. आधी त्यांची बेरीज 0.36 होती. आता तो दुसऱ्या +4 पासून 10 सेंटिमीटरवर (1.44) आणि −1 पासून 20 सेंटिमीटरवर (−0.18), म्हणजे 1.26. फरक 0.90 ज्यूल, तेवढे कार्य आपल्याला करावे लागेल. 100 ग्रॅमची वस्तू सुमारे 92 सेंटिमीटर उचलण्याइतके. प्रभारांना एकमेकांच्या बाजूने वळसा देऊन न्यावे लागेल, पण वळसा लहान असो वा मोठा, एकूण कार्य तेच.

प्रत्यक्षात मात्र हे आकडे हवेत टिकणार नाहीत. दर मीटरला सुमारे 30 लाख व्होल्टच्या पुढे हवा प्रभार धरून ठेवत नाही, ठिणगी पडते. त्या हिशेबाने 4 मायक्रोकूलोम धरायला किमान 11 सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा लागतो, म्हणजे तो आपल्या 10 सेंटिमीटरच्या अंतरात मावणारच नाही. 4 नॅनोकूलोमला साडेतीन मिलिमीटर त्रिज्या पुरते, आणि अशा छोट्या गोळ्यांना बिंदू मानणे बऱ्यापैकी चालते. पण प्रत्येक प्रभार हजारपट लहान केला की ऊर्जा दहा लाखपट घटते: अदलाबदलीचे कार्य 0.90 ज्यूलवरून 0.90 मायक्रोज्यूलवर येते.