फोन बदलताना गेम नेमका कुठे असतो?

लॅमिंग्टन रोडवर जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायचा म्हटलं की तो आधी फॅक्टरी रिसेट करावा लागतो. फोटो आणि नंबर बहुतेकांनी उतरवून घेतलेले असतात. गेमचा विचार कोणी करत नाही, कारण इंटरनेटवर चालणारा गेम आहे, लेव्हल कुठे जाणार? लेव्हल खरंच कुठे जात नाही, ती कंपनीच्या सर्व्हरवर शाबूत असते. पुसली जाते ती ही लेव्हल तुमची आहे हे सांगणारी खूण.

गेम पहिल्यांदा उघडला की आपण बहुधा ‘गेस्ट’ म्हणून खेळायला लागतो. त्या वेळी सर्व्हर एक नवं खातं उघडतो आणि त्याचं टोकन, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक गुप्त ओळ, फोनमध्ये ठेवतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तसला हा बिल्ला, त्यावर नाव नसतं. अँड्रॉइडवर तो अॅपच्या खासगी जागेत राहतो, त्यामुळे अॅप काढलं, ‘क्लिअर डेटा’ दाबलं किंवा फोन रिसेट केला की बिल्लाही जातो. गुगलचा आपोआप होणारा बॅकअप कधी कधी वाचवतो, पण त्यात एका अॅपचा जास्तीत जास्त २५ एमबी डेटा मावतो आणि गेम बनवणारे तो बंदही ठेवू शकतात. अँड्रॉइडचा हा बॅकअप आयफोनवर उतरत नाही, हे वेगळंच.

अकाउंट लिंक करणं म्हणजे सर्व्हरवरच्या त्या खात्याला नाव देणं. ते जुना फोन हातात असतानाच करायचं. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी इथेच गडबड होते.

समजा, परळचा रोहन अँड्रॉइडवरून आयफोनवर चाललाय. जुन्या फोनवर तो गेस्ट म्हणून २४० व्या लेव्हलला पोचलाय. नवा फोन आल्याच्या उत्साहात तो आधी त्यावरच गेम उघडतो. सर्व्हरला हा फोन अनोळखी, म्हणून तो दुसरं कोरं खातं उघडून देतो. तिसऱ्या लेव्हलला गेम विचारतो, ‘प्रगती जपायची आहे?’ रोहन आपला ईमेल देतो. झालं! आता त्याचा ईमेल तिसऱ्या लेव्हलच्या खात्याला चिकटला. नंतर जुन्या फोनवर तोच ईमेल जोडायला गेला, तर ‘हे अकाउंट आधीच वापरात आहे’ असं उत्तर येतं, नाहीतर दोन खात्यांपैकी कोणतं ठेवायचं ते विचारलं जातं. हा प्रश्न घाईत उडवून लावू नये. दोन्हींसमोरची लेव्हल वाचावी, कारण न निवडलेलं खातं बऱ्याच गेममध्ये परत मिळत नाही.

बरोबर क्रम असा: जुन्या फोनवर गेमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन लिंक करा आणि प्लेअर आयडीचा स्क्रीनशॉट काढा. लिंक करताना दोन्हीकडे चालणारा पर्याय निवडा. गुगलच्या प्ले गेम्सची ओळख आयफोनवर चालत नाही आणि अॅपलचं गेम सेंटर अँड्रॉइडवर नसतं, म्हणून ईमेल, फेसबुक किंवा कंपनीचा स्वतःचा आयडी बरा. मग नव्या फोनवर थेट लॉगिन करा. २४० दिसल्यावरच जुना फोन रिसेट करा.

आता पैशांचं. रोहनने जाहिराती बंद करण्यासाठी एकदाच पैसे भरले होते आणि गेममध्ये खर्चायची रत्नंही विकत घेतली होती. जाहिराती बंद करण्याच्या खरेदीची नोंद सहसा स्टोअरकडे, ज्या गुगल खात्यातून पैसे गेले त्याच्या नावावर असते. आपल्याकडे ते खातं बऱ्याचदा बाबांचं असतं, मुलाचं नाही! दुसऱ्या अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये तेच खातं असेल तर ती खरेदी परत मिळते. चुकून पुन्हा विकत घ्यायला गेलात तर ‘हे तुमच्याकडे आधीच आहे’ असं कळतं. आयफोनवर `Restore Purchases` असं बटण असतं, पण ते फक्त अॅपलकडच्या खरेद्या शोधतं. गुगलला दिलेले पैसे अॅपलला ठाऊक नसतात. गेमने ती खरेदी स्वतःच्या खात्यातही नोंदवली नसेल, तर रोहनला जाहिराती पुन्हा दिसणार.

रत्नांचं उलटं. ती जमा झाली की स्टोअरच्या लेखी व्यवहार संपला, त्यामुळे `Restore Purchases` दाबून ती कधीच येत नाहीत. शिल्लक गेमच्या सर्व्हरवर असते आणि लेव्हलबरोबर येते. काही गेम मात्र विकत घेतलेली रत्नं अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगळी मोजतात. अशा गेममध्ये ती फोन बदलण्याआधीच खर्चून टाकलेली बरी.

बिल्ला गेलाच असेल तर गेमच्या सपोर्टला प्लेअर आयडी आणि पावतीचा नंबर पाठवा. गुगलच्या पावतीवरचा नंबर `GPA` ने सुरू होतो आणि ती पावती पैसे भरणाऱ्याच्या ईमेलमध्ये सापडते. आणि मासिक सबस्क्रिप्शन असेल तर ते प्ले स्टोअरमध्ये जाऊन स्वतः रद्द करा. फोन विकला तरी दर महिन्याला पैसे कापले जातच राहतात.