भिंतीवरच्या आरशात प्रतिबिंब बसवणे (छायाचित्र-संपादन)

एखाद्या खोलीच्या छायाचित्रात मूळ नसलेली वस्तू नंतर बसवली आणि त्या खोलीत भिंतीवर आरसा असेल, तर वस्तूचे प्रतिबिंबही आरशात दाखवावे लागते. ते योग्य जागी, योग्य आकारात आणि योग्य कोनातून दिसेल असे तयार करण्याच्या कामाविषयी ही नोंद आहे. घरसजावटीची छायाचित्रे, फर्निचरचे कॅटलॉग आणि चित्रपटातील दृश्यपरिणाम यांत हे काम नेहमी निघते. प्रतिबिंब नसले तर वस्तू चिकटवलेली दिसते, पण चुकीच्या कोनातले प्रतिबिंब त्याहून जास्त खटकते.

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे वस्तूच्याच चित्राची प्रत काढून, ती `Flip Horizontal` ने उलटवून आणि थोडी लहान करून आरशात ठेवणे. आरसा वस्तूची जी बाजू दाखवतो, ती बहुधा कॅमेऱ्याला थेट दिसतच नाही. कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या गणपतीच्या मूर्तीमागे भिंतीवर आरसा असेल, तर त्यात मूर्तीची पाठ दिसायला हवी. नुसत्या उलटवलेल्या प्रतीत पुन्हा तोंडच दिसते, शिवाय डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि मराठी घरातल्या कोणाच्याही ते लगेच ध्यानात येते.

भूमिती

सपाट आरशाचा नियम शाळेत शिकवतात तोच आहे: वस्तू आरशाच्या पुढे जितकी, तितकेच प्रतिबिंब मागे, आणि वस्तूचा प्रत्येक बिंदू त्याच्या प्रतिबिंबाशी जोडणारी रेषा आरशाला लंब असते. या सगळ्या जोडरेषा त्यामुळे एकमेकींना समांतर असतात. यथार्थदर्शनात समांतर रेषा एका लोपबिंदूकडे जातात, म्हणून छायाचित्रातही वस्तू आणि प्रतिबिंब यांना जोडणाऱ्या सर्व रेषा एकाच बिंदूतून गेल्या पाहिजेत. या कामाचा मुख्य आधार हाच बिंदू आहे. तो सापडला की निम्मे काम झाले.

तो शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे छायाचित्रातच असलेल्या एखाद्या वस्तूचा वापर करणे. टेबलाचा कोपरा आणि आरशात दिसणारा तोच कोपरा जोडून रेषा वाढवावी. खुर्चीच्या पाठीचे टोक किंवा दुसरा एखादा ठळक बिंदू घेऊन तसेच करावे. दोन रेषा जिथे छेदतात तो लोपबिंदू. तिसरी जोडी घेऊन पडताळा पाहावा. खुद्द कॅमेऱ्याचे प्रतिबिंबही याच बिंदूवर पडते, त्यामुळे आरशात छायाचित्रकाराची लेन्स दिसत असेल तर शोधाशोध करावी लागत नाही. आरसा अगदी समोर असेल तर लोपबिंदू चित्राच्या मध्यावर येतो, पण चित्र कापलेले नसेल तरच. इंटरनेटवरून घेतलेले चित्र बहुधा कापलेले असते, तेव्हा मध्याच्या भरवशावर राहू नये. रुंद लेन्सने घेतलेल्या चित्रात कडेच्या सरळ रेषा वाकतात, त्या आधी सरळ करून घ्याव्यात, नाहीतर रेषा एका बिंदूत मिळणारच नाहीत.

जागा ठरल्यावर प्रश्न येतो अंतराचा. खोलीत वस्तू आणि प्रतिबिंब आरशापासून समान अंतरावर असतात, चित्रात मात्र तसे दिसत नाहीत, कारण मागचे अंतर आखडते. चित्रात एखाद्या जोडरेषेवर लोपबिंदूपासून मोजलेले अंतर खोलीत कॅमेऱ्यापासून समोरच्या दिशेने मोजलेल्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून लोपबिंदूपासून वस्तूचे अंतर p, आरशाच्या प्रतलाचे m आणि प्रतिबिंबाचे q धरले तर

```
2/m = 1/p + 1/q
```

एक उदाहरण

समजा आरसा अगदी समोरच्या भिंतीवर आहे आणि कॅमेरा त्याच्यापासून 4 मीटरवर, जमिनीपासून 1.2 मीटर उंच आहे. आरशापासून 1 मीटर पुढे 60 सेंटीमीटर उंचीचे टेबल आहे, आणि त्यावर, कॅमेऱ्याच्या समोरच्या रेषेपासून 1 मीटर उजवीकडे, साधारण 33 सेंटीमीटर उंचीची गणपतीची मूर्ती बसवायची आहे. मूर्तीच्या बैठकीचा मध्य चित्रात लोपबिंदूपासून 1200 पिक्सेल उजवीकडे आणि 720 पिक्सेल खाली येतो. मूर्तीची चित्रातली उंची 400 पिक्सेल आहे.

आता आरशाचे प्रतल जोडरेषेला कुठे छेदते ते हवे. टेबल भिंतीला टेकलेले नसल्याने टेबलाच्या पातळीवर ते दिसत नाही. म्हणून बैठकीच्या मध्यातून ओळंबा सोडल्यासारखा खाली जमिनीवर बिंदू घ्यावा (टेबलाच्या पायांवरून तो ठरवता येतो), तो लोपबिंदूला जोडावा, आणि ही रेषा भिंत व जमिनीच्या सांध्याला कुठे कापते ते पाहावे. इथे तो छेद लोपबिंदूपासून आडवा 900 पिक्सेलवर येतो. सूत्रात p = 1200 आणि m = 900 घातले की q = 720. म्हणजे सर्व अंतरे आणि मापे 0.6 पट. प्रतिबिंबातल्या बैठकीचा मध्य 720 पिक्सेल उजवीकडे व 432 पिक्सेल खाली येईल, आणि मूर्ती 240 पिक्सेल उंच दिसेल. खोलीतल्या मापांशीही हे जुळते, कारण मूर्ती कॅमेऱ्यापासून 3 मीटर खोल आहे, आरसा 4 आणि प्रतिबिंब 5.

आरशाची खालची कडही याच मापांनी तपासावी लागते. प्रतिबिंबातली बैठक आरशाच्या काचेवर जमिनीपासून 72 सेंटीमीटर उंचीवर दिसते. आरसा 60 सेंटीमीटरवरून सुरू होत असेल तर पूर्ण मूर्ती दिसेल. 90 सेंटीमीटरवरून सुरू होत असेल तर फक्त वरचा तिसरा हिस्सा दिसेल आणि बाकीचा चौकटीखाली जाईल. तो कापलेला भाग वाईट दिसतो म्हणून मूर्ती वर सरकवण्याचा मोह होतो, पण सरकवल्याबरोबर रेषा लोपबिंदू सोडतात. अशा वेळी कापलेलेच राहू द्यावे.

कोन

प्रतिबिंबात वस्तू जशी दिसते, ती खरा कॅमेरा आरशापुढे जितका आहे तितक्याच अंतरावर आरशामागे उभ्या असलेल्या काल्पनिक कॅमेऱ्याने घेतलेल्या आणि मग उलटवलेल्या चित्रासारखी असते. त्या कॅमेऱ्याच्या जागेसाठी एक सोपे गणित पुरते. कॅमेऱ्याकडून मूर्तीकडे जाणारी नजर आणि प्रतिबिंबाकडे जाणारी नजर, या दोन्ही आरशाच्या पृष्ठभागाशी किती कोन करतात ते आडव्या नकाशावर मोजावे आणि दोन्हींची बेरीज करावी. उदाहरणात हे कोन सुमारे 71.6 आणि 78.7 अंश आहेत, बेरीज 150 अंश. म्हणजे मूर्ती जागेवरच 150 अंश फिरवून दुसरा फोटो घ्यायचा. फिरवण्याची दिशा महत्त्वाची आहे: पाहणाऱ्याच्या डाव्या हाताची बाजू कॅमेऱ्याकडे येत जाईल अशी, म्हणजे वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने. मूर्ती डावीकडे ठेवलेली असती तर दिशा उलट झाली असती. मग तो फोटो आडवा उलटवून आरशात बसवायचा.

दुसऱ्या फोटोचे अंतरही बदलते. पहिल्या वेळी कॅमेरा मूर्तीपासून आडव्या मापाने सुमारे 3.2 मीटरवर होता, दुसऱ्या वेळी तो 5.1 मीटरवर हवा. उंची मात्र तीच. अंतर वाढले की वरून पाहण्याचा उतार कमी होतो, 10.7 अंशांवरून 6.7 अंशांवर येतो. मूर्तीची गोल बैठक पहिल्या चित्रात 240 पिक्सेल रुंद आणि 45 पिक्सेल उभट दिसत असेल, तर प्रतिबिंबात ती 144 रुंद आणि 17 उभट दिसली पाहिजे. त्याच अंतरावरून घेतलेला फोटो नुसता लहान केला तर ती 27 पिक्सेल उभट राहते, आणि आरशातली मूर्ती पुढे कलंडल्यासारखी वाटते. तांब्या किंवा साधी फुलदाणी अशी चाकावर घडवलेली गोल वस्तू असेल तर फिरवून फोटो घेण्याची गरज पडत नाही, पण कडेचा लंबगोल चपटा करणे तिथेही चुकत नाही.

वस्तू हाताशी नसेल आणि एकच फोटो असेल तर न दिसलेली बाजू कुठूनही मिळत नाही. तेव्हा वस्तूचे त्रिमितीय प्रारूप वापरणे हाच प्रामाणिक उपाय. fSpy सारख्या प्रोग्रॅममध्ये खोलीतल्या समांतर रेषांवरून कॅमेरा जुळवतात, तो Blender मध्ये नेतात आणि आरशाच्या जागी चकचकीत प्रतल ठेवतात. `Metallic` 1 आणि `Roughness` 0 ठेवले की ते प्रतल आरशासारखे वागते. कोन आणि आकार आपोआप बरोबर येतात.

प्रकाश आणि काच

प्रतिबिंबातल्या बाजूवर प्रकाश वेगळा पडतो. खिडकी कॅमेऱ्यामागे असेल तर मूर्तीचे तोंड उजळ आणि आरशातली पाठ सावलीत हवी. टेबलावर पडलेली मूर्तीची सावलीही आरशात दिसते; ती बहुतेक जण विसरतात. नेहमीच्या आरशात चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा थर काचेच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळे प्रतिबिंब किंचित मंद आणि हिरवट येते. त्याच आरशात आधीपासून दिसणाऱ्या पांढऱ्या भिंतीचा रंग मूळ भिंतीशी ताडून तेवढाच फरक द्यावा. धूसरपणा ठरवताना आरशाचे 4 मीटर धरू नयेत, प्रतिबिंबाचे 5 मीटर धरावेत. मूर्तीवर फोकस असेल तर तिचे प्रतिबिंब आरशाच्या चौकटीपेक्षा जास्त धूसर असते.

झुकलेला आरसा

खिळ्याला दोरीने टांगलेला आरसा वरून पुढे झुकतो आणि वरचे सगळे गणित बिघडवतो. 5 अंशांच्या झुकावाने प्रतिबिंबातले जग 10 अंश फिरते: जमीन चढावासारखी वर जाताना दिसते आणि उभ्या वस्तूंचे शेंडे पाहणाऱ्याकडे कलतात. उदाहरणातल्या चित्रात लोपबिंदू तेवढ्याने सुमारे 315 पिक्सेल वर सरकतो. हे ओळखण्याची खूण म्हणजे जोडरेषांचा छेद क्षितिजरेषेच्या वर येणे. मग भिंत आणि जमिनीचा सांधा आरशाच्या प्रतलात उरत नाही, म्हणून m त्यावरून काढता येत नाही. आरशात आधीच दिसणाऱ्या वस्तूंच्या जोड्यांवरूनच प्रमाण बसवावे लागते. दर्शनी कड पैलू पाडलेली असेल तर ती पट्टी वेगळ्या कोनातला आरसा असते, तिच्यात मूर्तीचा तुकडा निराळ्या जागी येतो. बहुतेक कामांत तिथे आधीचीच प्रतिमा ठेवतात.

पडताळणी

काम झाल्यावर मुकुटाचे टोक, बैठकीची कड आणि हाताचे एखादे टोक प्रतिबिंबातल्या त्याच बिंदूंना जोडून सगळ्या रेषा लोपबिंदूतून जातात का ते पाहतात. बनावट छायाचित्रे ओळखणारेही हीच कसोटी लावतात. जेम्स ओब्रायन आणि हानी फरीद या संशोधकांनी 2012 मध्ये विसंगत प्रतिबिंबांवरून फेरफार पकडण्याची जी पद्धत मांडली, तिचा पाया या रेषाच आहेत. ही कसोटी प्रतिबिंबाची जागा तपासते. मूर्तीची योग्य बाजू दिसते आहे की नाही, हे तिला कळत नाही.