५,०५० रुपयांची तूर

२०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किरकोळ बाजारात २०० रुपये किलोच्या घरात गेली होती. वरणाची वाटी चैनीची झाली म्हणून शहरं ओरडत होती, आणि विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी तो भाव ऐकत होता. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. सरकारनंही कडधान्यं पेरा म्हणून आग्रह धरला आणि बोनस धरून तुरीला ५,०५० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला. कपाशीत आणि सोयाबीनमध्ये जिथं तुरीचं एखादंच तास असायचं तिथं तासं वाढली, काहींनी तर सलग तूर घेतली. आदल्या वर्षी दुष्काळात महाराष्ट्राचं तुरीचं उत्पादन साडेचार लाख टनांच्या आसपास होतं. २०१६-१७ मध्ये ते सुमारे २० लाख टनांवर गेलं. जानेवारीत माल बाजार समितीत यायला लागला आणि भाव साडेतीन ते चार हजारांच्या दरम्यान घसरला.

इथून पुढं जे घडलं, त्याचं गणित साधं आहे. पण ते बहुतेक वेळा अर्धंच मांडलं जातं.

समजा एका भागात तुरीचा मोकळा बाजार आहे. विकणारे हजारो, घेणारेही भरपूर, त्यामुळं भाव कुणा एकट्याच्या हातात नाही. ४,००० रुपये क्विंटलला १०० हजार क्विंटल तूर पिकते आणि तेवढीच खपते. आता सरकार पेरणीआधी ५,००० रुपयांचा हमीभाव जाहीर करतं आणि तो खरोखर देतं. भाव चांगला म्हणून शेतकरी १२० हजार क्विंटल पिकवतात. पण गिऱ्हाईक ५,०००च्या भावानं ९० हजारच उचलतं. डाळ रोज लागणारी वस्तू आहे, महागली म्हणून कुणी एकदम सोडत नाही, त्यामुळं खप फक्त दहा टक्क्यांनी कमी धरला आहे. (हे आकडे मी हिशेबाला सोपे म्हणून घेतले आहेत, कुठल्या तालुक्याचे नाहीत.) मधले ३० हजार क्विंटल उरले. ते कुणीतरी उचलले नाहीत, तर भाव ५,०००वर टिकणारच नाही. ते उचलण्याची जबाबदारी सरकारची, म्हणजे १५ कोटी रुपये.

आता कुणाला काय मिळालं ते पाहू. शेतकऱ्यांची विक्री ४० कोटींवरून ६० कोटींवर गेली. पण हे २० कोटी सगळे नफ्याचे नाहीत. वाढीव २० हजार क्विंटल पिकवायला बियाणं, फवारणी, मजुरी लागली आणि तिथं दुसरं पीक घेता आलं असतं तेही गेलं. त्याची किंमत सरासरी ४,५०० रुपये क्विंटल धरली तर ९ कोटी होते. म्हणजे शेतकऱ्यांचा खरा फायदा ११ कोटींचा. तूर घेणाऱ्यांना क्विंटलमागं हजार रुपये जास्त पडले, काहींनी घ्यायचंच कमी केलं, दोन्ही मिळून त्यांचं नुकसान साडेनऊ कोटींचं. सरकारचे १५ कोटी गेले. बेरीज केली तर ११ कोटी मिळवून देण्यासाठी साडेचोवीस कोटी खर्ची पडले. मधले साडेतेरा कोटी कुणाच्याच खिशात गेले नाहीत. ते गोदामातल्या तुरीत अडकून पडले.

ती तूर सडली, तर सगळेच्या सगळे बुडाले. दुसऱ्या बाजारात ३,०००नं विकली गेली, तर ९ कोटी परत येतात आणि निव्वळ तोटा साडेचार कोटींवर येतो. म्हणून हमीभावाचा खरा खर्च खरेदीच्या दिवशी कळत नाही. माल शेवटी कुठं आणि कितीला गेला, यावर तो ठरतो.

पुस्तकातला हिशेब इथं संपतो. तुरीच्या त्या हंगामात खरी गंमत याच्या पुढं झाली. गंमत म्हणायची, भोगणाऱ्यांना ती तशी वाटली नसणार.

हमीभाव हा बाजाराला दिलेला हुकूम नसतो. सरकार म्हणतं, या भावानं आम्ही घेऊ. हे वचन तेवढंच टिकतं, जेवढा माल केंद्रावरच्या काट्यावर चढतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या वतीनं नाफेड आणि इतर संस्था राज्यातल्या पणन यंत्रणेमार्फत खरेदी करत होत्या. केंद्रावर तूर आणली की आधी चाळणी, मग ओलावा पाहायचा. १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी, आधार आणि बँक पासबुक हवं, टोकन हवं. हे सगळं जमलं तरी बारदाना संपलेला असायचा. पोतीच नाहीत म्हणून काटा बंद, आणि बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. लोक उघड्यावर तुरीच्या राशीशेजारी दिवसचे दिवस मुक्काम करून होते. खरेदीला मुदतवाढ मिळत गेली आणि शेवटी २२ एप्रिलला ती बंद झाली. त्या दिवशी रांगेत असलेली तूर नंतर राज्य सरकारनं बाजार हस्तक्षेप योजनेतून स्वतःच्या खर्चानं घेतली.

आता मघाचाच हिशेब या रांगेत उभा करून पाहा. सरकारनं ३० हजारांऐवजी १० हजार क्विंटलच घेतले, तर उरलेला माल बाजारात येणार आणि तिथला भाव ५,०००वर राहणार नाही. बाजारात दोन भाव होतात. त्या हंगामात तसंच झालं, काट्यावर ५,०५०, आणि शंभर पावलांवरच्या अडतीत ३,८००च्या आसपास. या दोन भावांतला फरक शेतकऱ्याला मिळावा अशी योजना असते. प्रत्यक्षात तो ज्याच्याकडे थांबायची ताकद आहे त्याला मिळतो. पीककर्जाचा हप्ता, दुकानदाराची उधारी किंवा घरातलं लग्न डोक्यावर असलेला माणूस जानेवारीतच तूर घालून मोकळा होतो. त्याची तूर घेणाऱ्याकडे गोदाम आहे, पैसा आहे आणि ओळखीतले चार सातबारेही आहेत. शेतकऱ्यांच्या नावावर व्यापाऱ्यांनीच केंद्रावर तूर घातल्याच्या तक्रारी त्या हंगामात गावोगाव झाल्या. त्यात मला आश्चर्य वाटत नाही. एकाच मालाचे दोन भाव ठेवले आणि वरच्या भावाचं दार अरुंद केलं, की त्या दारात उभं राहण्यालाच किंमत येते.

तोट्यात गेलेल्यांत आणखी एक वर्ग आहे, त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला आणि शेतमजुराला वर्षाची डाळ बऱ्याचदा विकतच घ्यावी लागते. एक क्विंटल तुरीची साधारण ७० किलो डाळ होते. म्हणजे हमीभाव खरोखर लागू होऊन तूर हजार रुपयांनी वाढली, तर डाळ किलोमागं १४ रुपयांनी वाढते. दोन पोती विकणाऱ्याचा त्यात थोडा फायदा असेल, पण मजुराचा नाही. हमीभावाचा लाभ विकल्या जाणाऱ्या क्विंटलांवर मिळतो, म्हणून ज्याची पोती जास्त त्याला तो जास्त मिळणार, हे गणितातच आहे.

मग वाढलेला माल बाहेर का गेला नाही? कारण दार बंद होतं. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती आणि तुरीवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठली, म्हणजे हंगाम संपल्यावर. आयात मात्र चालू होती. टंचाईच्या धास्तीनं जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी डाळ आयातीचा दीर्घ मुदतीचा करारही झाला होता, तोही आपल्या शेतात तुरीची पेरणी होत असतानाच. आयातीवर १० टक्के शुल्क मार्च २०१७ मध्ये लागलं आणि मर्यादा ऑगस्टमध्ये घातली. एका हातानं सरकार ५,०५०नं तूर उचलत होतं आणि दुसऱ्या हातानं त्याच बाजारात बाहेरची तूर येऊ देत होतं. भाव धरून ठेवायचा असेल, तर आपण न पिकवलेला मालही आपल्यालाच उचलावा लागतो, हा त्याचा अर्थ.

राज्यानं घेतलेल्या तुरीचं पुढं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. ती भरडून डाळ रेशन दुकानांतून विकायचं ठरलं. भाव आधी ५५ रुपये किलो होता, २०१८ मध्ये तो ३५ वर आणला. ७० किलो डाळीला ५,०५० रुपयांची तूर लागते. म्हणजे नुसत्या तुरीचेच किलोला ७२ रुपये झाले. हमाली, वाहतूक, गोदामभाडं, भरडाई, पॅकिंग आणि अडकलेल्या पैशाचं व्याज वेगळं. ३५ला विकलेल्या प्रत्येक किलोमागं तिजोरीतून निदान ३७ रुपये गेले. ही डाळ ज्याच्या ताटात पडली त्याचा फायदा झाला, ते वाईट म्हणता येणार नाही. पण तो फायदा ठरवून दिलेला नव्हता, गोदाम रिकामं करायचं होतं म्हणून झाला. आणि सरकारकडे साठा आहे हे माहीत असलेला डाळमिलवाला नव्या हंगामात हात आखडता घेतो. २०१७-१८ मध्ये हमीभाव ५,४५० झाला, तूर पुन्हा त्याच्या खालीच विकली गेली.

व्यापाऱ्यानं हमीभावाखाली घ्यायचंच नाही, असा कायदा करावा असं सुचवलं जातं. २०१८ मध्ये राज्य सरकारनं अशा खरेदीला शिक्षेची तयारी केली, तेव्हा अनेक बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले. वरच्या हिशेबात ते आधीच लिहिलेलं आहे. ५,०००ला बाजार ९० हजारच घेतो. कायद्यानं भाव वाढवता येतो, पण उरलेले ३० हजार घेण्याची सक्ती कुणावर करणार?

दुसरा मार्ग भावांतराचा. सरकार माल घेत नाही, बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यात भरतं. गोदाम नाही, बारदाना नाही. पण आपल्या उदाहरणात १२० हजार क्विंटल सगळेच बाजारात खपवायचे, तर भाव २,०००पर्यंत उतरावा लागतो. मग क्विंटलमागं ३,००० रुपये फरक, म्हणजे ३६ कोटी. खरेदीच्या दुपटीहून जास्त. यात डाळ स्वस्त होते म्हणून गिऱ्हाइकाला २२ कोटींचा फायदा होतो, शेतकऱ्याचे ११ कोटी तसेच राहतात, आणि वाया जातात ते फक्त ३ कोटी. समाजाच्या दृष्टीनं हा मार्ग स्वस्त आहे, पण अर्थमंत्र्यांना तो महागात पडतो. मध्य प्रदेशानं २०१७च्या खरिपात सोयाबीन, उडीद वगैरे पिकांना तो करून पाहिला. फरक काढताना प्रत्येकाची पावती धरली जात नव्हती, एक सरासरी दर धरला जात होता. ज्याच्या मालाला त्या सरासरीहून ३०० रुपये कमी मिळाले, त्याला भावांतर मिळूनही हमीभाव ३०० रुपयांनी दूरच राहिला.