'ती'ची 'मी' करून घेण्यापूर्वी

उतारा भूतकाळातून वर्तमानात आणि 'ती'वरून 'मी'वर आणायचा असेल, तर आमच्याकडे मूळ उतारा पाठवा. अर्धा बदललेला नको. बरेच जण संगणकाला सगळीकडे 'ती'च्या जागी 'मी' घालायला सांगतात आणि तेच पाठवतात. मग 'होती'चं 'होमी' होतं, 'माहिती'ची 'माहिमी', आणि गोष्टीतली शेजारीणसुद्धा 'मी' होऊन बसते. ते निस्तरण्यात आमचे दोन दिवस जातात, म्हणून अशा मजकुराचा दर आम्ही जास्त लावतो. रागावू नका.

नुसतं क्रियापद बदलूनही भागत नाही. हे पाहा:

'सुमनने दार उघडलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पंखा चालू होता. सकाळी निघताना तिने तो बंद केला होता. मागे कोणी उभं आहे हे तिला कळलं नाही.'

याचं घरी केलेलं रूप बहुधा असं येतं:

'मी दार उघडते. माझा चेहरा पांढराफटक पडतो. पंखा चालू आहे. सकाळी निघताना मी तो बंद करते. मागे कोणी उभं आहे हे मला कळत नाही.'

पहिलं वाक्य ठीक. 'उघडलं' दाराप्रमाणे चालत होतं, 'उघडते' सुमनप्रमाणे चालतं, म्हणून 'मी' बाई आहे हेही तिथेच कळतं. खरा घोटाळा पंख्यापाशी आहे. तो बंद केला ती सकाळ आताच्या क्षणाआधीची, त्यामुळे गोष्ट वर्तमानात आली तरी ते वाक्य भूतकाळातच राहायला हवं. 'बंद करते' म्हटलं की ती रोजची सवय वाटते आणि चालू पंख्याचं गूढच संपतं. सगळ्यात जास्त वेळ आम्ही अशाच वाक्यांवर घालवतो. तपासायचं असेल तर प्रत्येक 'होता-होती'पाशी थांबून विचारा: हे आत्ता चाललंय, की आधीच होऊन गेलंय?

उरलेली दोन वाक्यं काळाची नाहीत, नजरेची आहेत. सुमनला स्वतःचा चेहरा दिसत नाही. आणि जे कळलं नाही, ते ती सांगणार कशी? आम्ही असं करू:

'मी दार उघडते. तोंडाला कोरड पडते. पंखा चालू आहे. सकाळी निघताना मी तो बंद केला होता. नक्की केला होता. मागे काहीतरी सळसळतं. पडदा असेल.'

मागचा माणूस वाचकाला आधीच दिसायला हवा असेल, तर मात्र हा बदल करूच नका. तसं आम्ही स्पष्ट सांगतो, काम हातचं गेलं तरी.

मूळ उताऱ्याबरोबर दोनच गोष्टी कळवा: 'मी' कोण, आणि 'आत्ता' कोणत्या वाक्यापासून सुरू होतं. पहिलं पान आम्ही नमुन्यादाखल करून देतो, पुढचं ते पाहून ठरवा.