दारातली भेट आणि दारातली वर्दी

संध्याकाळी दमूनभागून घरी आलेल्या माणसाशी घरातलं कुणी दारातच बोललं की आपण म्हणतो, छान, स्वागत झालं. पण त्या बोलण्याचे दोन प्रकार असतात आणि वरवर ते एकसारखेच दिसतात. एक भेट, दुसरी वर्दी. दोन्ही आपुलकीपोटीच येतात आणि बऱ्याचदा एकाच श्वासात येतात, त्यामुळे घोटाळा होतो.

इंदूरच्या सुदामानगरमधलं एक ओळखीचं घर घेऊ. सून विजयनगरच्या एका ऑफिसात आहे. पलासियाची गर्दी पार करून साडेसहाच्या सुमारास स्कूटर फाटकात लावते. सासूबाई दारातच उभ्या असतात. "आलीस? अगं, आज नर्मदा आली नाही, टँकरवाल्याला फोन लाव. आणि चिरंजीवांना बघ जरा, दुपारपासून मोबाइल हातातून सुटला नाहीये." इंदूरकरांना सांगायला नको, नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, एखादी पाळी चुकली की टाकीचा तळ दिसतो. तेव्हा निरोप खोटा नाही, बिनमहत्त्वाचाही नाही. पण त्यात भेट किती? फक्त "आलीस?" एवढीच. बाकी सगळी वर्दी: एक फोन, एक झाडाझडती, आणि दोन्हींचा निर्णय तिनेच घ्यायचा, तोही हेल्मेट डोक्यावर असताना.

सून मग "हं, बघते" म्हणून आत जाते. सासूबाईंना वाटतं, हिला बोलायलाच नको असतं. सुनेला वाटतं, आपण आलो याचं कुणाला काही नाही. आणि दोघीही आपापल्या जागी खरं बोलत असतात. सासूबाई तर ठामपणे सांगतील, "मी तर रोज दारात उभी असते तिच्यासाठी."

ओळखायची खूण सोपी आहे. बोलणं झाल्यावर समोरच्याला काही करावं, आठवावं किंवा ठरवावं लागतं का? लागत असेल तर ती वर्दी. "आलीस? ऊन फार होतं का गं आज?" याला नुसतं "हो ना" म्हटलं तरी भागतं, ती भेट. आवाजाच्या गोडव्यावर जाऊ नका. "दमलीस ना? बरं, ऐक..." हे गोड असलं तरी "ऐक"च्या पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला पाठ असतं, आणि मग आधीची विचारपूसही त्याच खात्यात जमा होते.

हे काही आपल्याकडचंच नाही. लॉस एंजेलिसमध्ये नवरा-बायको दोघंही नोकरी करणाऱ्या 30 कुटुंबांच्या घरी संशोधकांनी कॅमेरे घेऊन रोजचं जगणं टिपलं होतं. त्यातून 2009 साली आलेल्या एका अभ्यासात घरी परतण्याचे हेच क्षण तपासले होते. घरी आलेल्या आईच्या वाट्याला बहुतेकदा एकतर प्रेमाचं वागणं आलं किंवा दिवसभराच्या खबरी. बाबांच्या वाट्याला प्रेमाचं वागणं, नाहीतर आपापल्या कामात गुंतलेली माणसं. म्हणजे वर्दी जास्त करून बाईकडे जाते. पुरुष उशिरा येतो तेव्हा घर टीव्हीत, अभ्यासात, मोबाइलमध्ये बुडालेलं असतं. सुदामानगरच्या घरातही नवरा पीथमपूरच्या कारखान्यातून स्टाफ बसने साडेसातला येतो आणि त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. तिला बोलणं फार मिळतं, त्याला मिळतच नाही.

या घराने केलेला बदल छोटा होता. वर्दी बंद केली नाही, तिची जागा बदलली. सासूबाईंनी टँकरचा निरोप फ्रिजवरच्या पाटीवर लिहायला सुरुवात केली. बोलायचं ते चहानंतर. सून चप्पल काढते, पर्स ठेवते, हातपाय धुते, चहा होतो; यात पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्यात टँकरवाला कुठे पळून जात नाही. दारात फक्त "आलीस? ये" आणि पाण्याचा तांब्या. पहिले काही दिवस सासूबाईंना चुकल्यासारखं व्हायचं, बोलायला काही उरलंच नाही असं वाटायचं. हे होतं. वर्दीची सवय असलेल्याला नुसती भेट रिकामी वाटते. सासूबाईंनी त्यावर तोडगा काढला: दिवसातली एक बिनकामाची गोष्ट दारासाठी राखून ठेवायची. शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झाली, असं काहीतरी.

दुसरी बाजूही बघायला हवी, कारण बाहेरून येणारा माणूसही वर्दी मागतो. "अभ्यास झाला का? दूध आणलं? गीझर कुणी चालू ठेवला?" हा प्रकार बाबालोकांचा विशेष आवडता. मुलाच्या कानाला ती हजेरीच वाटते. मुलगा गेममध्ये असेल तर त्याने उठून दारात यावं असा हट्ट नको. त्याचा डाव अर्ध्यावर असतो. आपणच जवळ जायचं, डोक्यावर हात ठेवायचा, नावाने हाक मारायची आणि त्याने एकदा वर बघेपर्यंत थांबायचं. बघितलं की झालं, मग निघायचं. "ठेव तो मोबाइल" ही वर्दीच आहे, तिची वेळ नंतरची. आजोबांना कमी ऐकू येत असेल तर दारातून "बाबा, आलो हो" ओरडण्यात अर्थ नाही. त्यांच्या खोलीत, त्यांना दिसेल असं समोर जाऊन उभं राहावं लागतं.

आता दमून गप्प बसणाऱ्याचं काय? अमेरिकेत विमानांची ये-जा हाताळणाऱ्या नियंत्रकांवर रेना रेपेटी यांचा 1989 सालचा अभ्यास आहे. कामाचा ताण जास्त असलेल्या दिवशी ही मंडळी संध्याकाळी जोडीदारापासून जरा अलिप्त राहत आणि रागही कमी काढत. जोडीदार समजून घेणारा असेल तर हे अधिक दिसे. म्हणजे थोडं बाजूला बसणं हा भेटीचा नकार नसतो. फक्त ते न सांगता केलं की नकारासारखं दिसतं. "आलो गं आई. दहा मिनिटं पडतो, मग चहा घेऊ" एवढ्याने फरक पडतो, कारण त्यात परत येण्याची वेळ सांगितलेली असते. मात्र ही दहा मिनिटं रोज जेवणापर्यंत लांबत असतील, रविवारीही तसंच होत असेल, तर ते ऑफिसच्या थकव्याच्या खात्यात टाकू नये. तिथे कारण दुसरं शोधावं लागतं, आणि दारातल्या गोड बोलण्याने ते सुटणार नाही.

काही वर्दी मात्र चहापर्यंत थांबवायच्या नसतात. आजोबा बाथरूममध्ये घसरले, मुलाला ताप चढला, हे दारातच सांगायचं. पण सांगताना आधी आत्ताची स्थिती आणि मग घडलेली गोष्ट: "बाबा ठीक आहेत, बसलेत, पण दुपारी पाय घसरला." उलट क्रमाने सांगितलं तर मधल्या दोन सेकंदांत आलेला माणूस मनाने दवाखान्यापर्यंत जाऊन येतो.